नवऱ्याला मेसेज: ग्रीक प्रेमशब्दांपैकी कुठला शोभेल?

दर्याची_बायको

मंडळी, जरा घाईचं काम आहे. नवरा बल्क कॅरिअरवर सेकंड इंजिनीअर आहे. कंपनी ग्रीक, कॅप्टन ग्रीक, चीफ इंजिनीअरही ग्रीक. पुढच्या आठवड्यात आमच्या लग्नाला २० वर्षं होतील आणि साहेब नेहमीप्रमाणे पाण्यावर.

या वेळी त्याला ग्रीक शब्द घालून मेसेज पाठवायचा आहे. ग्रीकांकडे प्रेमाला सात शब्द आहेत असं वाचलं: इरॉस, फिलिया, स्टॉर्गे, अगापे, लुडस, प्रॅग्मा आणि फिलौतिया. त्यातला प्रॅग्मा म्हणजे म्हणे वर्षानुवर्षं मुरलेलं, एकमेकांना सांभाळून घेणारं नवरा-बायकोचं प्रेम. मला तो लगेच पटला. "वीस वर्षं झाली, तूच माझा प्रॅग्मा" असं काहीसं डोक्यात आहे. पण तो हा मेसेज चीफला दाखवणार हे शंभर टक्के, म्हणून आधी इथे विचारते. बरोबर आहे ना?

वाचता_वाचता

सात वगैरे नंतरची भर आहे, मूळ चारच. सी. एस. लुईसने १९६० साली या चार प्रेमांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. स्टॉर्गे म्हणजे घरातली माया, फिलिया म्हणजे मैत्री, इरॉस म्हणजे स्त्री-पुरुषांची ओढ आणि अगापे म्हणजे देवाचं निरपेक्ष प्रेम. अगापे माणसाने माणसाला म्हणायचं नसतंच, ते फार वरच्या पातळीवरचं आहे. इरॉस म्हटलं की चीफ गालात हसणार. त्यामुळे फिलिया वापरा. वीस वर्षांनंतर नवरा-बायको मित्रच झालेले असतात.

खडीसाखर

ताई, ग्रीक कशाला? आपल्या मराठीत काय कमी शब्द आहेत? प्रेम, माया, जिव्हाळा, ओढ, लोभ. "लोभ असावा" एवढं लिहिलं तरी पूर्वीच्या नवऱ्यांना पुरत होतं. आणि जहाज मुंबईला लागणार असेल तर डबा पाठवा, त्याहून मोठा मेसेज नाही.

दर्याची_बायको

@खडीसाखर, जहाज ब्राझीलला चाललंय हो. आणि मराठीतून प्रेम व्यक्त केलं की तो "काय हवंय?" असं विचारतो.

पिरेयस_रिटर्न

थांबा थांबा, प्रॅग्मा पाठवू नका!

मी इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, नोकरीची बरीच वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर गेली. प्राग्मा म्हणजे वस्तू. नुसती वस्तू. स्पॅनर हवा असेल आणि नाव आठवत नसेल तर चीफ बोट दाखवून "ते प्राग्मा दे" म्हणायचा. साइन ऑफच्या दिवशी "ता प्राग्माता मू" म्हणजे माझं सामान, बॅगा. तुमच्या मिस्टरांनी "तूच माझा प्रॅग्मा" दाखवलं तर चीफला वाटेल की बायकोने याला सामानात जमा केलंय.

प्रेमाला तिथे रोजचा शब्द एकच, अगापी. कॅप्टन घरी फोन लावला की पहिलं वाक्य "अगापी मू", माझ्या प्रेमा. मग दहा मिनिटं मुलाच्या फीवरून भांडण, आणि ठेवताना परत "अगापी मू". देवाधर्माचा काही संबंध नाही.

वाचता_वाचता

@पिरेयस, तुम्ही आजच्या बाजारातल्या ग्रीकबद्दल बोलताय. मूळ अभिजात भाषेत अगापे हे शुद्ध, वासनारहित प्रेमच आहे. बायबलमध्ये म्हणून तर तोच शब्द घेतलाय.

नदीकाठची

दोन दिवस धागा पाहिला नव्हता. प्राचीन ग्रीक शिकले आहे, त्यामुळे बोटं शिवशिवताहेत.

आधी प्रॅग्माचं. प्राचीन ग्रीकमध्येही प्राग्मा म्हणजे केलेली गोष्ट, काम, प्रकरण. "कुणाला प्राग्माता देणं" हा तिथला वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ डोक्याला ताप देणं! प्रेमाचा प्रकार म्हणून हा शब्द १९७३ साली आला. जॉन अ‍ॅलन ली नावाच्या कॅनडातल्या संशोधकाने प्रेमाच्या शैलींची वर्गवारी केली. त्यात इरॉस, लुडस, स्टॉर्गे हे तीन मूळ रंग धरले आणि त्यांच्या मिश्रणातून मेनिया, प्रॅग्मा, अगापे काढले. लुडस तर ग्रीकही नाही, खेळ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आंतरजालावरच्या सात शब्दांच्या यादीत बरंचसं तिथूनच येतं.

गंमत अशी की लीचा प्रॅग्मा मुरलेलं प्रेम नव्हेच. अनुरूप जोडीदार हिशोबाने निवडणं, म्हणजे शिक्षण, घराणं, स्वभाव जुळतो का ते आधी बघून मग जीव लावणं, हा त्याचा प्रॅग्मा. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात जे चालतं त्याला ली हेच नाव देईल. "वीस वर्षं एकमेकांना सांभाळलं" हा अर्थ पुढच्या लेखकांनी त्यात भरला.

आता @वाचता_वाचता. लुईसचे चार कप्पे त्याच्या विचारांसाठी सोयीचे आहेत, पण ग्रीक बोलणारे लोक तसे कप्पे पाळत नव्हते. ज्यूंच्या धर्मग्रंथांचं जुनं ग्रीक भाषांतर, सेप्टुआजिंट, उघडा. दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीच्या, तामारेच्या मागे लागतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. लगेच त्याला तिचा तिटकारा येतो. आधीच्या प्रेमापेक्षा हा तिटकारा मोठा होता, असं तिथे म्हटलं आहे, आणि त्या "प्रेमा"साठी शब्द आहे अगापे. वासनारहित?

त्याच भाषांतरात गीतरत्नही आहे. प्रियकर-प्रेयसीची उघड शृंगारिक गाणी. "प्रेम मृत्यूइतकं बलवान आहे" या ओळीतलं प्रेमसुद्धा अगापेच. तेव्हा नवऱ्याला अगापे म्हणायला हरकत घ्यायची तर गीतरत्नालाही घ्यावी लागेल.

वाचता_वाचता

सेप्टुआजिंट हिब्रूवरून केलेलं भाषांतर आहे, त्यातल्या शब्दनिवडीवरून काय ठरवणार? नव्या करारात योहानाच्या २१व्या अध्यायात येशू पेत्राला दोनदा "अगापास मे" विचारतो आणि पेत्र दोन्ही वेळा "फिलो से" म्हणतो. तिसऱ्यांदा येशू स्वतःच "फिलेइस मे" विचारतो. शब्दांत फरक नसता तर असं का लिहिलं असतं?

नदीकाठची

या जागेवर अभ्यासकांची भांडणं जुनी आहेत. काहींना ती पायरी पायरीने उतरत आणलेली मागणी वाटते. बऱ्याच जणांना वाटतं की योहान एकाच अर्थाचे दोन शब्द आलटून पालटून वापरतो, कारण त्याच ओळींत तो कोकरं आणि मेंढरंही तशीच बदलतो. मी दुसऱ्या बाजूची आहे. तुम्हाला पटवायचा आग्रह नाही.

मार्था_वसई

आमच्या वसईतल्या कितीतरी लग्नांत इफिसकरांच्या पत्रातला उतारा वाचला जातो: पतींनो, आपापल्या पत्नीवर प्रीती करा. फादरांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं की तिथे मूळ ग्रीकमध्ये अगापेचंच क्रियापद आहे. म्हणजे नवरा-बायकोला हा शब्द चालतो की. पण मला कायम प्रश्न पडतो, बायकांनी नवऱ्यावर प्रेम करावं असं कुठे आहे? तिथे तर बायकांना नुसतं अधीन राहा म्हटलंय.

नदीकाठची

@मार्था, तीताला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय बघा. तरुण स्त्रियांनी "फिलांद्रोस" असावं, म्हणजे पतीवर प्रेम करणारी. तिथे मूळ फिलियाच्या घरातलं आहे. हा शब्द ग्रीक थडग्यांवर वारंवार येतो: अमुक, तमुकची पत्नी, फिलांद्रोस. दगडावर कोरण्याजोगा मोठा गौरव होता तो. इंग्रजीत बायकांमागे फिरणाऱ्याला फिलँडरर म्हणतात ना, तो शब्दही इथूनच निघून बिचारा कुठल्या कुठे गेला.

अंगठीवाला

विषय निघालाच आहे तर. माझ्या मेव्हण्याने लग्नाच्या अंगठीत आतल्या बाजूने रोमन लिपीत "फिलिया" कोरून घेतलंय. मैत्री हाच आमच्या नात्याचा पाया, वगैरे. सँटोरिनीला फिरायला गेले तेव्हा हॉटेलातल्या मुलीने अंगठी पाहिली आणि "ओ, किसेस!" म्हणाली. तो अजून गोंधळलेला आहे. ती चेष्टा करत होती का?

पिरेयस_रिटर्न

अजिबात नाही. "फिलीआ", जोर मधल्या लीवर, म्हणजे मैत्री. "फिल्या", जोर शेवटी, म्हणजे पापे, अनेकवचनी. ग्रीक लिपीत जोराची खूण कुठल्या अक्षरावर आहे ते बघून कळतं. रोमनमध्ये खूण गेली की दोन्ही सारखेच. मेसेजच्या शेवटी ग्रीक लोक सर्रास "पोला फिल्या" लिहितात, खूप खूप पापे. आपल्याला मात्र कुणा फिल्याला हाक मारल्यासारखं वाटतं.

मेव्हण्यांना सांगा, अंगठी आहे तशी राहू दे. लग्नाच्या अंगठीत मैत्रीपेक्षा पापे काय वाईट?

वाचता_वाचता

तरीही दर्याताईंच्या प्रश्नाला फिलिया हेच उत्तर योग्य. अ‍ॅरिस्टॉटलही पती-पत्नीच्या नात्याला फिलियाच म्हणतो.

नदीकाठची

हे मात्र अगदी खरं. निकोमाखसच्या नीतिशास्त्रात, आठव्या भागात, तो म्हणतो की पती-पत्नीतली फिलिया निसर्गतःच असते, कारण माणूस नगर वसवणारा प्राणी असण्याआधी जोडीने राहणारा प्राणी आहे. त्या नात्यात उपयोग असतो, सुखही असतं, आणि दोघं भली असतील तर एकमेकांच्या भलेपणावरही ते उभं राहतं.

फक्त त्या फिलियाला आपली "मैत्री" समजू नका. त्याच्याही कितीतरी आधी, इलियडच्या नवव्या सर्गात, अकिलीस संतापून विचारतो: बायकांवर प्रेम करणारे जगात अत्रेउसचे मुलगेच आहेत का? जो कोणी भला आणि शहाणा आहे तो आपल्या बायकोवर प्रेम करतो, तिला जपतो. क्रियापद फिलेइन. आणि हे तो कुणाबद्दल म्हणतोय? ब्रिसेइसबद्दल, भाल्याच्या जोरावर पळवून आणलेल्या बंदिनीबद्दल. तिला काय वाटत होतं ते त्या भाषणात येत नाही. त्यामुळे ही ओळ शुभेच्छापत्रावर घालायची माझी तरी हिंमत नाही.

आणि इरॉस फक्त लग्नाबाहेरचा, हेही खोटं. झेनोफोनच्या "मेजवानी" या पुस्तकात सॉक्रेटिस सहज बोलून जातो की हा निकेरातोस, ऐकतो ते खरं असेल तर, स्वतःच्या बायकोच्या प्रेमात आहे आणि तीही त्याच्या. दोन्हीकडे क्रियापद इरॉसचं. इतरांची प्रेमप्रकरणं मोजताना हेही त्याच यादीत येतं, एवढ्यावरून आपण काय ते समजायचं.

खवचट_खापर

नवरा समुद्रावर, वीस वर्षं पूर्ण. ओडिसियसही वीस वर्षांनीच घरी परतला होता. दर्यावहिनींनी पेनेलोपीचं काहीतरी पाठवावं.

(कॅलिप्सोकडे सात वर्षं आणि किर्केकडे एक वर्ष राहून आला होता, तेवढं मेसेजमध्ये टाळा.)

नदीकाठची

@खवचट, टोमणा मान्य. पण त्याच ओडिसियसच्या तोंडी लग्नाबद्दलचं होमरचं सर्वांत सुंदर वाक्य आहे आणि त्यात या सातांपैकी एकही शब्द नाही. ओडिसीच्या सहाव्या सर्गात तो नाउसिका या राजकन्येला आशीर्वाद देतो: देव तुला नवरा देवोत, घर देवोत आणि "होमोफ्रोसिनी" देवोत. नवरा आणि बायको एकाच विचाराने घर चालवतात याहून मोठं काही नाही. वैऱ्यांचा जळफळाट होतो, मित्रांना आनंद होतो, आणि ते काय असतं हे त्या दोघांनाच सर्वांत चांगलं ठाऊक असतं. दर्याताई, प्रॅग्मामध्ये तुम्ही जे शोधत होतात ते इथे आहे. फक्त हा शब्द आजच्या मेसेजमध्ये घातलात तर चीफला शाळेतला होमरचा तास आठवेल.

दर्याची_बायको

हे होमोवालं मी वहीत लिहून ठेवलं. पण मला मेसेज हवाय हो! अगापी मू एवढंच लिहायचं का? ते तर रोज फीवरून भांडणारा कॅप्टनही म्हणतो. वीस वर्षांना काहीतरी खास नको?

पिरेयस_रिटर्न

रोजचंच असतं म्हणून ते खरं वाटतं. तरी लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला सुरुवात अशी करा: "ख्रोन्या मास पोला, अगापी मू." वाढदिवसाला, सणाला ग्रीक लोक नुसतं "ख्रोन्या पोला" म्हणतात, म्हणजे पुष्कळ वर्षं लाभोत. मध्ये "मास" घातलं की "आपल्याला", दोघांना. लग्नाच्या वाढदिवसाला नवरा-बायको एकमेकांना असंच म्हणतात. हे वाचून चीफ मान डोलावेल, कारण परदेशी माणसाला ते "मास" सहसा सुचत नाही.

मग "सागापो", माझं तुझ्यावर प्रेम आहे. "से" आणि "आगापो" मिळून बोलताना "सागापो" होतं. शेवटच्या "पो"वर जोर. ग कंठातून, गझल म्हणताना नुक्त्याचा ग काढतो तसा. शेवटी "पोला फिल्या". झाला मेसेज.

नदीकाठची

पिरेयसरावांचा मेसेज निर्दोष आहे. माझी एक भर, हवी तर घ्या. आजच्या ग्रीकमध्येही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "सागापो" आईला, मुलाला, नवऱ्याला, सगळ्यांना चालतं. "एरोतास", म्हणजे जुन्या इरॉसचाच वारस, फक्त प्रेमात पडलेल्यांचा. तेव्हा वीस वर्षांनी काही खास म्हणायचं तर ते हे: "ईमे अकोमा एरोतेवमेनी माझी सू." मी अजूनही तुझ्या प्रेमात आहे. बाई म्हणते म्हणून शेवट "मेनी", नवऱ्याने उलट पाठवलं तर "मेनोस". आपल्याकडे पडले आणि पडलो होतं तसंच. आणि ते "माझी" म्हणजे "सोबत", जोर "झी"वर. मराठी डोळ्यांना भलतंच गोड दिसतं.

वाचता_वाचता

सगळ्या क्रूसमोर एरोतेवमेनी? जहाज आहे ते. वीस वर्षांच्या संसाराला फिलिया आणि अगापे शोभतात, एरोतास नाही. माझं मत कायम आहे.

मार्था_वसई

का शोभू नये? नवरा घरी सहा महिने नसला की परत आल्यावर काय होतं ते वसईतल्या जहाजी लोकांच्या बायकांना विचारा.

पिरेयस_रिटर्न

मी वाचता_वाचता यांच्याशी अर्धा सहमत. शब्दात अश्लील काही नाही, कॅप्टनला वावगं वाटणार नाही. पण इंजिन रूममध्ये पुढचे दोन महिने तुमच्या मिस्टरांना "एरोतेवमेनोस" म्हणून हाक मारतील हे लिहून घ्या. त्यांना ते चालेल का, हे तुम्हालाच माहीत.

अंगठीवाला

स्टॉर्गे कुणी का घेत नाही? घरातली माया म्हणजे नवरा-बायकोची पण आलीच की.

नदीकाठची

स्टॉर्गेचा मुख्य वापर आईबाप आणि मुलं असा आहे. जोडीदाराबद्दल कधीमधी सापडतो. आजही "स्तोर्यी" म्हटलं की आजारी लेकराच्या कपाळावर हात ठेवणारी आई डोळ्यांसमोर येते. बायकोने नवऱ्याला लिहिलं तर चुकीचं नाही, पण तो थोडा लहान होऊन जातो.

दर्याची_बायको

ठरलं. पिरेयस यांचं पूर्ण घेते: ख्रोन्या मास पोला, अगापी मू, सागापो, पोला फिल्या. हे ग्रीक लिपीत, म्हणजे चीफलाही वाचता येईल. @नदीकाठची, अक्षरं नीट टाइप करून व्यनि कराल का? जोराच्या खुणांसकट, नाहीतर फिल्याची मैत्री व्हायची.

आणि एरोतेवमेनीचं वाक्य खाली देवनागरीत लिहिते. ते कुणाला वाचता येणार नाही. अर्थ त्याला चीफला विचारून काढावा लागेल आणि त्यासाठी स्वतःच्या तोंडाने मोठ्याने म्हणावं लागेल.

खवचट_खापर

म्हणजे तो चीफसमोर उभा राहून चीफलाच "मी अजूनही तुझ्या प्रेमात आहे" म्हणणार. तेही स्त्रीलिंगी. वहिनी, पाठवाच.

नदीकाठची

व्यनि केला आहे. सागापोचं शेवटचं अक्षर ओमेगा आहे, साधा गोल ओ नाही. कॉपी-पेस्ट करताना खूण उडायला नको, तेव्हा पाठवण्याआधी "फिल्या"च्या शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ आहे ना, एवढं बघा.

वाचता_वाचता

योहान २१ वर वेगळा धागा काढतो. तिथे या.